पेठांची नावे काय सांगतात?

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत नव्याने आलेल्या माणसाने पत्ता विचारला, तर त्याला भूखंडाचा क्रमांक सांगणारा सहसा भेटत नाही. ‘एक्स्लो पॉइंटला उतरा’, ‘गरवारे पॉइंटवरून आत वळा’, ‘पाथर्डी फाट्याच्या अलीकडे थांबा’ अशीच उत्तरे मिळतात. वस्तुतः औद्योगिक विकास महामंडळाने येथील प्रत्येक भूखंडाला रोमन अक्षर आणि आकडा दिलेला आहे. शेजारच्या सिडको वसाहतीचीही तीच गत आहे. सहा योजनांत ही घरे बांधली गेली आणि त्यांच्या गटांना ‘एन’ हे अक्षर व पुढे आकडा असे क्रमांक मिळाले. ते वीजबिलावर आणि खरेदीखतावर छापले जातात. तोंडात मात्र पवननगर, उत्तमनगर, त्रिमूर्ती चौक हीच नावे आहेत. एवढेच नव्हे, तर वसाहत उभारणाऱ्या महामंडळाच्या इंग्रजी आद्याक्षरांतून बनलेला ‘सिडको’ हा शब्दच आता जागेचे नाव होऊन बसला आहे. महापालिकेच्या कागदावर त्या भागाचे नाव ‘नवीन नाशिक’ असले, तरी रिक्षावाला ‘सिडको’च म्हणतो.

म्हणजे एकाच जागेला दोन नावे असतात. एक दप्तराचे आणि दुसरे तोंडचे. दप्तराच्या नावामागे मोजणी, कर आणि ताबा यांची गरज असते. तोंडच्या नावामागे ओळख आणि वहिवाट असते. अंबडला हे आपल्या डोळ्यांदेखत घडले म्हणून ते लक्षात येते. जुन्या गावांतील पेठा, आळ्या आणि पुरे यांच्या नावांतही हाच व्यवहार दोन-तीनशे वर्षांपूर्वी घडून गेला आहे. तो ध्यानात न घेता आपण ती नावे वाचतो आणि म्हणून बऱ्याच वेळा चुकतो. या चुकीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे वारांच्या पेठा.

वार आणि बाजार

बुधवार पेठ कशी पडली, असे कोणालाही विचारा. ‘तेथे बुधवारी बाजार भरत असे’ हे उत्तर तयार असते. शाळेतही बहुधा हेच सांगितले जाते. ज्या लहान गावात आठवड्यातून एकच बाजार भरतो, तेथे त्या जागेला वाराचे नाव पडणे स्वाभाविकच आहे. परंतु पुण्यासारख्या शहरात सोमवारपासून रविवारपर्यंत साती वारांच्या पेठा आहेत, तेव्हा या उत्तराला अडचण येते. आठवड्याचा बाजार हा एका गावाचा नसतो, तो एका परिसराचा असतो. आज या गावी, उद्या शेजारच्या गावी अशी फिरती करून व्यापारी आपला माल खपवितो. म्हणूनच शेजारच्या गावांचे बाजारवार वेगवेगळे ठेवलेले असतात. एकाच शहरात, हाकेच्या अंतरावर, सात दिवस सात आठवडे बाजार भरविण्याचे कारण काय? जेथे रोजच दुकाने उघडी असतात, तेथे आठवड्याच्या बाजारांची अशी माळ लावण्याचे प्रयोजन उरत नाही.

नाशिकचे उदाहरण तर याहून बोलके आहे. जुन्या नाशकात बुधवार पेठ आहे आणि नाशिकचा आठवडे बाजारही बुधवारीच भरतो. दोन्ही गोष्टींची सांगड घातली की झाले, असे कोणास वाटेल. पण हा बाजार बुधवार पेठेत भरत नाही. तो गोदावरीच्या काठी, गंगेच्या घाटावर भरतो. पुण्याचा ‘जुना बाजार’ही असाच आहे. तो मंगळवार पेठेच्या परिसरात भरतो आणि भरतो मात्र बुधवारी व रविवारी. नाव आणि बाजार यांचा मेळ बसत नाही तो असा.

मग ही वारांची नावे आली कोठून? पुण्याच्या पेठांची जुनी नावे उपलब्ध आहेत आणि त्यांतच या प्रश्नाचे उत्तर आहे. कसबा हा पुण्याचा मूळ गाभा. त्याच्या सभोवार मोगल आणि आदिलशाही-निजामशाही अंमलात जी वस्ती वाढली, तिच्या पुऱ्यांची नावे वारांची नव्हती. सोमवार पेठ म्हणजे शहापूर, रविवार पेठ म्हणजे मलकापूर, शनिवार पेठ म्हणजे मुर्तुजाबाद. मंगळवार पेठेचे जुने नाव अष्टपुरा किंवा अस्तापुरा. १६६० ते १६६३ या काळात पुण्यात तळ देऊन बसलेल्या शाहिस्तेखानाशी त्याचा संबंध जोडला जातो. १७०३ साली औरंगजेब पुण्यास मुक्कामाला असताना त्याचा एक नातू तेथे वारला आणि त्याच्या स्मरणार्थ मुहियाबाद हे नाव दिले गेले; ती आजची बुधवार पेठ. पुढे पेशव्यांच्या काळात विसापूरची शुक्रवार पेठ झाली. गुरुवार पेठ मात्र तेथील वेताळाच्या देवळावरून दीर्घकाळ वेताळ पेठ म्हणूनच ओळखली जात होती.

ही यादी नीट पाहिली म्हणजे दोन गोष्टी दिसतात. एक, वाराचे नाव हे बहुतेक ठिकाणी मूळचे नाव नाही. ते आधी वसलेल्या जागेला नंतर मिळालेले आहे. बाजार भरला म्हणून नाव पडले असते, तर ते वस्तीबरोबरच रूढ व्हायला हवे होते. दोन, आठवड्यातला एकही वार सुटलेला नाही. शनिवार आणि मंगळवार हे लोकसमजुतीने जड वार. तेही या मालिकेत आहेत. शुभाशुभ पाहून किंवा सोय पाहून निवड केली असती, तर अशी पूर्ण मालिका सिद्ध झाली नसती. पेशव्यांच्या राज्यात मोगली नावे मागे पडली, तेव्हा त्यांच्या जागी सर्वांना परिचित, परस्परांत गोंधळ न होणारी आणि कोणा एका घराण्याचा मान न वाढविणारी नावे हवी होती. वारांची मालिका अशा कामाला अगदी सोयीची. तात्पर्य, पुण्याच्या पेठेतला ‘बुधवार’ हा बाजाराचा दिवस नसून सिडकोच्या ‘एन’ गटासारखाच दप्तराचा एक अंक आहे, असे अनुमान काढण्यास जागा आहे. साताऱ्यासही शाहूमहाराजांच्या राजधानीत वारांच्या पेठा आहेत. तेथेही एकच वार सुटा येत नाही, वार मालिकेनेच येतात.

येथे कोणी शनिवारवाड्याचा दाखला देईल. त्या वाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि तो दिवस शनिवार होता. दोन वर्षांनी वास्तुशांतही शनिवारीच झाली. तेव्हा वाड्याचे नाव दिवसावरून पडले, असे सांगण्यात येते. दुसरा पक्ष म्हणतो, वाडा शनिवार पेठेत, म्हणून शनिवारवाडा. दोन्ही गोष्टी खऱ्या असताना निवाडा कसा करावयाचा? अशा वेळी एकट्या नावाकडे न पाहता त्याच्या भावंडांकडे पाहावे. दुसऱ्या बाजीरावाने शुक्रवार पेठेत वाडा बांधला, त्याला शुक्रवारवाडा म्हणत. बुधवार पेठेत वाडा होता, तो बुधवारवाडा. १८७९ च्या आगीत तो जळाला. या वाड्यांना पेठेचेच नाव मिळाले, हे उघड आहे. भावंडांची साक्ष अशी पेठेच्या बाजूने पडते. नावाचा अर्थ लावण्याची ही पहिली कसोटी. सुटे नाव फसविते. मालिका सहसा फसवीत नाही.

पेठ वसविणे म्हणजे काय

वाराच्या नावात बाजार नसला, तरी ‘पेठ’ या शब्दात तो आहे. नावाच्या पहिल्या शब्दाकडे सर्वांचे लक्ष जाते. पण पुष्कळदा शेवटचा शब्दच अधिक विश्वसनीय साक्षीदार असतो. आळी म्हणजे एका धंद्याच्या किंवा एका समाजाच्या घरांची रांग. पुरा म्हणजे मूळ गावठाणाला जोडून नव्याने वसलेली वस्ती. गंज म्हणजे धान्य, मीठ अशा मालाची साठवण व ठोक विक्री होण्याची जागा. वाडा म्हणजे एका घराण्याचे किंवा एका समूहाचे वेगळे आवार. पेठ म्हणजे मात्र सरकारच्या परवानगीने वसविलेली व्यापारी वस्ती, आणि ती आपोआप वाढत नसे.

पेठ वसविण्याची रीत ठरलेली होती. ओसाड माळ किंवा रान हेरून एखादा सरदार वा कारभारी सरकारकडे अर्ज करी. सरकार कौल देई. बाहेरगावच्या वाणी-उदमी, कारागीर यांनी येथे येऊन घरे-दुकाने बांधावीत. त्यांना काही वर्षे जकात व मोहतर्फा, म्हणजे धंद्यावरचा कर, माफ राहील आणि मुदत संपल्यावर तो थोडाथोडा वाढवीत पुऱ्या दराला आणला जाईल, असा त्याचा आशय असे. पेठेसाठी शेटे आणि महाजन नेमले जात. दुकानांना जागा नेमून देणे, वजने-मापे पाहणे, सरकारचा वसूल गोळा करणे ही त्यांची कामे आणि दुकानादुकानांतून मिळणारा मालाचा लहानसा हिस्सा हा त्यांचा हक्क. हे काम वंशपरंपरेने चाले, म्हणून शेटेपणाचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या पुरत.

हा व्यवहार कळला म्हणजे माणसांच्या नावाच्या पेठांचा अर्थ कळतो. सदाशिव पेठेला पानिपतावर पडलेल्या सदाशिवराव भाऊंचे नाव मिळाले आणि नारायण पेठेला नारायणराव पेशव्यांचे. तेथे राजघराण्याची स्मृती आहे. नाना पेठ आणि रास्ता पेठ यांची गोष्ट निराळी. नाना पेठेचे दप्तरी नाव हनुमान पेठ आणि रास्ता पेठेचे शिवपुरी. देवाची नावे कागदावर राहिली आणि वस्ती ज्यांनी आणविली त्या नाना फडणिसांचे व रास्त्यांचे नाव तोंडी बसले. ज्याच्याकडे कर माफ करून घ्यावयास जावे लागे, त्याच्या नावाने लोकांनी जागा ओळखली, यात नवल ते काय! अंबडला कारखान्याच्या नावाने थांबा ओळखला गेला, तोही याच न्यायाने. रोजगार ज्याच्या दारात, नाव त्याचे.

कधी मात्र सत्ताधाऱ्याची इच्छाच टिकते. नाशिकच्या पश्चिमेस गोदावरीकाठी चौंधस नावाचे गाव होते. माधवराव पेशव्यांशी बिनसल्यावर राघोबादादा तेथे राहावयास गेले आणि पत्नी आनंदीबाई यांच्या नावावरून गावाला आनंदवली हे नाव दिले. आज चौंधस हे नाव कोणाला आठवत नाही. पण हा नियम समजू नये. मोगलांनी खुद्द नाशिकचे नाव गुलशनाबाद ठेविले होते. १७५१ च्या सुमारास शहर मराठ्यांकडे आले आणि जुने नाव पुन्हा कागदावर चढले. मधल्या काळात ते लोकांच्या तोंडून आणि यात्रेकरूंच्या संकल्पातून गेलेच नव्हते. आनंदवली टिकले, कारण दादांचा मुक्काम तेथे पडला आणि वस्तीचे रूपच बदलले. गुलशनाबाद टिकले नाही, कारण गावाचे रूप बदलले नव्हते. बदलला होता फक्त शिक्का.

धंदे गेले, नावे राहिली

रविवार कारंजावरून जुन्या नाशकात शिरले, की धंद्यांची नावे एकापुढे एक येऊ लागतात. सराफ बाजार, भांडी बाजार, कापड पेठ, दूध बाजार, तांबट आळी, कुंभारवाडा, दहीपूल, पगडबंद लेन. या नावांचेही वय एक नाही आणि त्यांची आजची स्थितीही एक नाही. सराफ बाजारात सराफ आहेत आणि भांडी बाजारात भांडी. तेथे नाव आणि धंदा यांचा सांधा अजून तुटलेला नाही. दहीपुलावर दही घेऊन बसणाऱ्या बायका दिसावयाच्या नाहीत. पण सरस्वती नाल्याच्या दोन काठांना जोडणारी ही जागा म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून नाशिवंत माल विकण्याची नेमकी जागा, हे त्या नावावरून आजही उमजते.

पगडबंद लेनची गोष्ट सर्वांत चटका लावणारी. पगडी ही विकत आणून डोक्यावर ठेवावयाची वस्तू खरी, पण ती बांधून द्यावी लागे. कापडाचे लांबच लांब पट्टे पिळून, ठरलेल्या घडीने, ज्याच्या त्याच्या जातीच्या व हुद्द्याच्या पद्धतीने ती बसविणारा कारागीर म्हणजे पगडबंद. अशा कारागिरांच्या नावाने एक संपूर्ण गल्ली ओळखली जावी, याचा अर्थ या शहरात पगडी घालणारी, म्हणजे पेढीवर, वाड्यात, कचेरीत वा देवळात मानाने वावरणारी मंडळी किती असतील, याचा अंदाज बांधता येतो. पुढे टोपी आली, मग तीही गेली. पगडबंदांच्या हाताला काम उरले नाही. गल्लीच्या नावाखेरीज त्या कसबाची दुसरी खूण आता शहरात शोधावी लागेल. नावातील ‘लेन’ हा शब्द मात्र इंग्रजी अंमलातला. धंदा पेशवाईच्या वळणाचा आणि गल्लीचे टोपणनाव नगरपालिकेचे, अशा दोन काळांचे थर त्या दोन शब्दांत आहेत.

धंद्याची नावे वाचतानाही एक सावधगिरी बाळगली पाहिजे. नाव धंद्याच्या सुरुवातीचे नसते. ते बहुधा भरभराटीचे असते. एक तांबट राहावयास आला म्हणून तांबट आळी होत नाही. हातोड्यांचा आवाज शेजारच्या आळीपर्यंत जाऊ लागतो, तेव्हा ती होते. आणि धंदा ओसरला तरी नाव दोन-तीन पिढ्या मागे रेंगाळते. नाव म्हणजे जागेचे छायाचित्र असे म्हटले, तर ते नेहमी जुने छायाचित्र असते.

एक अवघड प्रश्न

इतका वेळ आपण नावांकडे कौतुकाने पाहिले. परंतु महाराष्ट्राच्या गावोगाव अशीही नावे होती आणि आहेत, की ज्यांच्याकडे कौतुकाने पाहणे हा निर्दयपणा ठरेल. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा ही नावे धंद्याच्या यादीत सरसकट घालता येणार नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला आणि त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर, क्रांतिनगर यांसारखी नावे सुचविली. ग्रामपंचायतीच्या आणि महापालिकेच्या कारकुनापुढे तेव्हापासून एक कठीण काम आले. यादी करावयाची, पण कशाकशाची? तांबट, सोनार, कुंभार ही धंद्याचीही नावे आहेत आणि जातींचीही. मग तांबट आळीही बदलावयाची काय?

प्रस्तुत लेखकाच्या मते याला एक साधी कसोटी लावता येईल. नाव गिऱ्हाईकाला वाट दाखविण्यासाठी पडले, की येणाऱ्याने वाट टाळावी म्हणून? तांबट आळी हे नाव हंडा घ्यावयास येणाऱ्याला सांगितले जाई. आळीतल्या माणसाला ते स्वतःच सांगावेसे वाटे. गावकुसाबाहेरच्या वाड्याचे नाव त्याच्या रहिवाशाने कधी निवडले नव्हते. राहण्याची जागाही त्याने निवडलेली नव्हती. ते नाव म्हणजे नकाशावरची खूण नव्हती, कुंपण होते. ते बदलणे न्याय्यच आहे, आणि नवे नाव काय असावे हे सांगण्याचा पहिला अधिकार त्या वस्तीचा आहे. पुण्याच्या गंज पेठेला महात्मा फुले पेठ हे नाव मिळाले. ज्या पेठेत जोतीरावांचे घर आहे, तिला त्यांचे नाव मिळण्यात जागेचे खरे वैशिष्ट्यच नावात आले. ‘गंज’ हा शब्द गेला हे खरे. पण नाव पोकळ झाले नाही.

पोकळ होतात ती दुसरी नावे. एकाच शहरात चार-चार ठिकाणी एकच ‘नगर’ असते, तेव्हा ते नाव जागेविषयी काहीच सांगत नाही. आणि बदल योग्य असला तरी जुन्या नावाचा कागद फाडून टाकणे हा त्याहून मोठा तोटा. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले, त्यांना ते कोठे, किती दूर आणि ओढ्याच्या कोणत्या बाजूला ठेवले होते, याचा पुरावा पुष्कळदा त्या नावातच शिल्लक आहे. पाटीवरून नाव जावे. दप्तरातून जाऊ नये. तेथे ‘पूर्वीचे नाव’ असा एक रकाना ठेवला, म्हणजे दोन्ही गोष्टी साधतील. मुहियाबाद, मुर्तुजाबाद, शहापूर ही नावे कोणीतरी टिपून ठेवली, म्हणूनच आज वारांच्या पेठांचे कोडे उलगडता येते.

हे काम फार मोठ्या विद्वत्तेचे नाही. एका शाळेतील एका वर्गाने आपापल्या गल्लीचे तोंडचे नाव, कागदावरचे नाव आणि घरातील वडीलधाऱ्याला आठवत असलेले नाव अशा तीन रकान्यांत टिपले, तरी जुन्या नाशिकपासून अंबडपर्यंतच्या भागाची एक चांगली वही तयार होईल. त्या वहीत एक्स्लो पॉइंटलाही जागा असावी. कारखान्यांच्या पाट्या उतरतात, मालक बदलतात, यंत्रे भंगारात जातात. आणखी पन्नास वर्षांनी अंबडला उतरणाऱ्या एखाद्या मुलाला, पगडबंद लेनमध्ये शिरताना आपल्याला पडतो तोच प्रश्न पडेल. तेव्हा त्याला ‘तेथे त्या नावाचा बाजार भरत असे’ असे ठोकून देणारा कोणी भेटू नये, एवढी काळजी आज घेता येण्यासारखी आहे.